‘आउटपुट लिहा’ म्हणजे नेमकं काय लिहायचं?

संगणकशास्त्राच्या सरावपत्रिकेत नेटवर्किंगचे प्रश्न एका भागात असतात आणि एचटीएमएलचे ‘आउटपुट लिहा’ दुसऱ्या भागात. पुढच्या कोडमध्ये मात्र दोन्ही विषय एकत्र येतात.

```html
<p>आमच्या     लॅबमधली
साधनं</p>
<ol type="A" start="3">
  <li>हब</li>
  <li>स्विच</li>
</ol>
<img src="lab.png" alt="लॅबचा आराखडा">
```

ब्राउझर कोड वरून खाली वाचत जातो, उत्तरही त्याच क्रमाने लिहावं. पहिल्या परिच्छेदात पाच स्पेस आणि एक एंटर आहे. सलग कितीही स्पेस किंवा एंटर आले तरी ब्राउझर त्यांची एकच स्पेस करतो. त्यामुळे पडद्यावर ‘आमच्या लॅबमधली साधनं’ असं एका ओळीत दिसेल. ओळ तोडायची असती तर `<br>` लागला असता.

खरी चूक होते ती यादीत. `start="3"` पाहून मुलं ‘3. हब’ लिहितात, `type="A"` पाहून ‘A. हब’ लिहितात. `type` क्रमांकाचं रूप ठरवतो, `start` सुरुवात कुठून ते ठरवतो. मोठ्या अक्षरांतलं तिसरं अक्षर C, म्हणून उत्तर ‘C. हब’ आणि ‘D. स्विच’. `type="a"` असतं, तर c आणि d आले असते.

या दोन साधनांतला फरक नेटवर्किंगच्या भागात हमखास विचारतात. हबच्या एका पोर्टवर आलेला डेटा बाकी सगळ्या पोर्टवर जातो. तो आपल्यासाठी आहे का, हे प्रत्येक संगणकाने पाहायचं. कोणत्या पोर्टवर कोणता मॅक पत्ता आहे, याची नोंद स्विच ठेवतो आणि डेटा योग्य त्याच पोर्टवर पाठवतो. पत्ता नोंदीत नसेल, तर मात्र तोही हबसारखा सगळीकडे पाठवतो.

शेवटची ओळ चित्राची. पण `lab.png` हे चित्र एचटीएमएलच्या फाइलमध्ये नसतंच, तिथे असतं फक्त त्याचं नाव. पान सर्व्हरवरून आल्यावर ब्राउझर ते नाव वाचतो आणि चित्रासाठी सर्व्हरकडे वेगळी मागणी करतो. पान ज्या फोल्डरमध्ये, तिथेच चित्र शोधलं जातं. सापडलं नाही, तर सर्व्हर 404 हा क्रमांक पाठवतो आणि चित्राच्या जागी ‘लॅबचा आराखडा’ हा मजकूर दिसतो.

इथे एक फसगत होते. फाइलचं नाव `Lab.png` असेल, तर विंडोजच्या संगणकावर चित्र सहसा दिसतं. तेच पान लिनक्सच्या सर्व्हरवर चढवलं की गायब होतं, कारण तिथे मोठा L आणि लहान l वेगळे धरतात. टॅगचं नाव `<IMG>` लिहिलं तरी चालतं, फाइलच्या नावात ही मुभा नाही.

म्हणून प्रश्नात ‘चित्र त्याच फोल्डरमध्ये आहे’ असं दिलं असेल, तर उत्तरात चौकट काढून आत ‘चित्र’ लिहावं. ‘फाइल उपलब्ध नाही’ असं दिलं असेल, तर `alt` मधला मजकूर लिहावा.