दीडशे रुपये कमी पडले, दंड दीड हजाराचा! कर्जाचा हप्ता बाउन्स झाला तर काय कराल?

मुंबई : रिक्षा, दुकानाचा माल, मोबाइल, घर. कर्ज कशाचंही असो, हप्ता आता खात्यातून आपोआप कापला जातो. कर्ज घेताना आपण ज्या फॉर्मवर सही करतो किंवा ओटीपी देतो, त्याला ‘मॅन्डेट’ म्हणतात. ठरलेल्या तारखेला फायनान्स कंपनी आपल्या बँकेकडे पैसे मागते आणि बँक ते देते. ही देवाणघेवाण ‘नाच’ (NACH) या यंत्रणेतून होते. पण खात्यात पैसे कमी असले तर मागणी परत जाते आणि दंड दोन ठिकाणी बसतो. बऱ्याच घरांत हप्ता एकदा चुकला की लगेच दुसऱ्यांदाही चुकतो. त्याचं कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

दोन दंड का?

हप्ता परत गेला की आपली बँक ‘रिटर्न चार्ज’ लावते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेते. तिकडे कर्ज देणारी कंपनी ‘बाउन्स चार्ज’ लावते. दोन्ही संस्था वेगळ्या आहेत, त्यामुळे एकीने माफ केलं म्हणून दुसरीचा दंड माफ होत नाही. त्याशिवाय हप्ता जितके दिवस थकेल, तितक्या दिवसांचा विलंब दंड कंपनी वेगळा लावू शकते.

आणखी एक गोष्ट. खात्यात थोडे पैसे असले तर तेवढे कापून बाकीचे नंतर घेतले जातील, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. हप्ता पूर्ण कापला जातो, नाहीतर पूर्ण परत जातो. दहा रुपये कमी असले तरी तो बाउन्सच.

हिशेब करून पाहू

समजा, घाटकोपरच्या एका रिक्षाचालकाचा हप्ता ६,२०० रुपयांचा आहे आणि तारीख ५ आहे. ईदच्या खरेदीमुळे त्या दिवशी खात्यात ६,०५० रुपयेच उरले. दीडशे कमी, म्हणून हप्ता परत गेला. बँकेचा चार्ज २५० अधिक जीएसटी ४५, म्हणजे २९५ रुपये. तो बँकेने खात्यातूनच कापला. शिल्लक राहिले ५,७५५.

दुसऱ्या दिवशी त्याने विचार केला, दीडशे कमी होते ना, मग दीडशे भरू. भरले. खात्यात झाले ५,९०५. कंपनीने १० तारखेला हप्ता पुन्हा लावला आणि तो पुन्हा परत गेला, कारण आता २९५ रुपये कमी होते. बँकेने आणखी २९५ कापले. खात्यात उरले ५,६१०.

कंपनीचा बाउन्स चार्ज दर वेळी ५०० धरला तर तिकडे १,००० झाले आणि बँकेकडे ५९०. दीडशे रुपयांच्या तुटीचे १,५९० रुपये झाले, विलंब दंड वेगळा. आणि ६,२०० चा हप्ता अजून भरायचाच आहे.

वरचे आकडे उदाहरणासाठी आहेत. प्रत्येक बँकेचा आणि कंपनीचा दर वेगळा असतो. पण गाठ इथेच बसते : बँकेचा दंड हप्त्यासाठी ठेवलेल्या पैशातूनच जातो आणि पुढचा हप्ता नेमका तेवढ्यानेच कमी पडतो. खात्यात पैसे नसतील तर काही बँका हा चार्ज बाकी ठेवतात आणि पुढच्या महिन्यात पैसे आले की आधी तो कापतात. म्हणून दर महिन्याला हप्त्याइतकीच मोजून रक्कम ठेवणाऱ्यांचा हप्ता पुढच्या महिन्यातही परत जाऊ शकतो.

बाउन्सचा मेसेज आला तर

आधी बँकेचं स्टेटमेंट पाहा. NACH किंवा ACH सोबत RTN, CHG अशी अक्षरं असलेली नोंद म्हणजे बँकेचा दंड. ती दिसत नसेल तर चार्ज बाकी आहे का, हे बँकेत विचारा.

मग लगेच कंपनीला फोन करून दोन प्रश्न विचारा : हप्ता पुन्हा कधी लावणार? आणि मी आज स्वतः भरला तर तो थांबवणार का? शक्यतो हप्ता त्याच दिवशी कंपनीच्या अ‍ॅपवरून किंवा शाखेत भरा, पावती घ्या आणि पुन्हा लावू नका असं ईमेलने कळवा. नाहीतर तुम्ही भरलेले वेगळे आणि खात्यातून कापलेले वेगळे, असे दोन हप्ते जाऊ शकतात. वसुलीला आलेल्या माणसाच्या स्वतःच्या नंबरवर पैसे पाठवू नका. पावती कंपनीचीच हवी.

पुन्हा होऊ नये म्हणून

पहिली गोष्ट तारखेची. पगार ७ ला आणि हप्ता ५ ला असेल, किंवा आखातातून भावाचे, अब्बांचे पैसे १० च्या आसपास येत असतील, तर दर महिन्याला धावपळ होणारच. हप्त्याची तारीख पुढे नेण्यासाठी कंपनीकडे लेखी अर्ज करा. काही कंपन्या त्यासाठी नवं मॅन्डेट मागतात आणि मधल्या दिवसांचं व्याज लावतात, ते आधी विचारून घ्या.

दुसरी गोष्ट वेळेची. पैसे आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत खात्यात हवेत, कारण मागणी सकाळीच येऊ शकते. १ ऑगस्ट २०२१ पासून ‘नाच’ रविवारी आणि बँकेच्या सुट्टीच्या दिवशीही चालतं. त्यामुळे ‘उद्या सुट्टी आहे, परवा भरू’ हे आता चालत नाही. वटायला टाकलेल्या चेकवरही भरवसा ठेवू नका.

तिसरी गोष्ट शिल्लकीची. हप्त्याच्या वर बँकेच्या दोन रिटर्न चार्जइतकी रक्कम कायम खात्यात राहू द्या. वरच्या उदाहरणात ती सुमारे ६०० रुपये होते. जमलं तर हप्त्याचं खातं वेगळं ठेवा आणि त्याचा यूपीआय रोजच्या खर्चाला वापरू नका.

खातं बदलायचं असेल तर नवं मॅन्डेट चालू झाल्याची खात्री करा, मगच जुनं बंद करा. आणि मॅन्डेट बंद केलं म्हणजे कर्ज थांबलं असं नाही. हप्ता थकतच राहतो.

नियम काय सांगतो?

रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने विलंबावर दंडाचं व्याज लावणं बंद केलं. आता फक्त दंड शुल्क लावता येतं, ते वाजवी हवं आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज लावता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने स्पष्ट केलं की या दंड शुल्कावर जीएसटी नाही. १ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या घरगुती कर्जांसाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बंधनकारक आहे. कर्जाचा सगळा खर्च त्यात हवा आणि ते तुम्हाला समजेल अशा भाषेत हवं. तिथे न लिहिलेला चार्ज तुमच्या संमतीशिवाय लावता येत नाही.

खात्यात पैसे असूनही हप्ता परत गेला असेल किंवा चार्ज चुकीचा वाटत असेल, तर बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.

मात्र कंपनीची नोटीस आली तर ती बाजूला ठेवू नका. पैसे नसल्यामुळे परत गेलेला हप्ता पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ खाली चेक बाउन्ससारखाच गुन्हा ठरू शकतो. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरली तर या कलमाखाली खटला होत नाही. म्हणून नोटीस हातात आली की तिच्यावर तारीख लिहा आणि दिवस मोजायला सुरुवात करा.