शून्य दाखवणारा डिटेक्टर

मॅनहोलमध्ये माणूस उतरवण्याआधी वरूनच नळी सोडून आतली हवा तपासतात. डिटेक्टरच्या पडद्यावर हायड्रोजन सल्फाइडपुढे शून्य येतं. खाली गॅस नसेल तर शून्य येणारच. पण सेन्सर मेला असेल किंवा जाळीत चिखल अडकला असेल, तरीही शून्यच येतं. नुसतं पाहून हा फरक कळत नाही.

त्यासाठी बंप टेस्ट. रोज काम सुरू करण्यापूर्वी, मोकळ्या हवेत, ठरावीक प्रमाणाच्या गॅसचा छोटा सिलिंडर डिटेक्टरला जोडायचा आणि थोडा वेळ गॅस द्यायचा. आकडे चढले, दिवा लागला, भोंगा वाजला, यंत्र थरथरलं, की गॅस सेन्सरपर्यंत पोहोचतो आणि अलार्म चालतो एवढं कळलं. काही जण सेन्सरवर फुंकर मारून भागवतात. उच्छ्वासात ऑक्सिजन कमी असल्याने त्याचा अलार्म वाजतोही, पण विषारी वायूंचे सेन्सर जिवंत आहेत का, हे त्या फुंकरीने कळत नाही.

बंप टेस्ट पास झाली म्हणजे आकडा बरोबर आहे, असं मात्र नाही. सिलिंडरमध्ये हायड्रोजन सल्फाइड २५ पीपीएम आहे, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग, आणि अलार्म १० वर लावलेला आहे असं धरू. सेन्सर जुना झाल्याने २५ ऐवजी १६ दाखवतो. सोळा दहापेक्षा जास्त, म्हणून भोंगा वाजतो आणि टेस्ट पास होते. आता हाच डिटेक्टर खऱ्या १५ पीपीएमच्या हवेत गेला, तर त्याच हिशेबाने तो ९.६ दाखवेल आणि गप्प राहील. म्हणून टेस्ट करताना भोंग्याइतकंच आकड्याकडेही लक्ष हवं.

ही चूक दुरुस्त करतं ते कॅलिब्रेशन. आधी स्वच्छ हवेत शून्य पक्कं करायचं. मग सिलिंडरवर छापलेला आकडा यंत्रात भरून, वाचन स्थिर होईपर्यंत गॅस द्यायचा. यंत्र त्यानुसार स्वतःचं माप जुळवून घेतं. इथे हलगर्जीपणा महागात पडतो. सिलिंडर ४० चा आणि यंत्रात भरले २५, तर त्यानंतर डिटेक्टर खऱ्या १६ ला १० म्हणेल. सिलिंडरची मुदतही पाहावी, कारण हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण साठवणीत घटत जातं.

कॅलिब्रेशन किती दिवसांनी, हे उत्पादकाच्या पुस्तिकेत असतं. पण यंत्रावरचा महिन्यापूर्वीच्या कॅलिब्रेशनचा स्टिकर आजच्या बंप टेस्टची जागा घेऊ शकत नाही, असं माझं ठाम मत आहे. ज्वलनशील वायूचा सेन्सर सिलिकॉन असलेल्या स्प्रेच्या वाफेने मंदावतो किंवा निकामी होतो, आणि ते काल संध्याकाळीही घडलेलं असू शकतं. यंत्र आपटलं किंवा बंप टेस्ट नापास झाली, तर कॅलिब्रेशन करायचं. त्यातही आकडा जुळला नाही तर सेन्सर बदलायचा, आणि तोवर ते यंत्र कामावर न्यायचं नाही.