सोपं, पण सैल नाही

१९८० साली सर्वोच्च न्यायालयातला एक खटला नेमणूकपत्रातल्या एका क्रियापदावर येऊन ठेपला. मालाची तपासणी करून देणाऱ्या सुपरिंटेंडन्स कंपनी ऑफ इंडियाच्या पत्रात अशी अट होती की, कंपनी ‘सोडल्यावर’ दोन वर्षं, जिथे शेवटची नेमणूक होती तिथे, स्पर्धक कंपनीत नोकरी करायची नाही आणि तसाच स्वतःचा व्यवसायही करायचा नाही. दिल्लीच्या शाखाप्रमुखाला पुढे कंपनीनेच कामावरून काढलं. त्याने दिल्लीतच त्याच कामाची स्वतःची संस्था काढली आणि प्रकरण कोर्टात गेलं. तीनपैकी दोन न्यायमूर्तींचं म्हणणं पडलं की ‘सोडणं’ म्हणजे आपणहून सोडणं. या माणसाने नोकरी सोडली नव्हती, त्याला काढलं होतं, म्हणून अट त्याला लागूच होत नाही. तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मते नोकरी संपल्यानंतरचं असं बंधन भारतीय करार कायद्याच्या कलम २७ नुसार मुळातच निरर्थक होतं.

हल्ली अनेक कंपन्या आपली नेमणूकपत्रं आणि धोरणं सोप्या भाषेत लिहून घेत आहेत, आणि ते व्हायलाच हवं. ज्या कागदावर माणूस सही करतो तो त्याला कळला पाहिजे. पण सोपं करणारा फक्त जड शब्द काढून हलके घालत गेला, तर ‘सोडणं’सारखी जागा त्याच्या हातून निसटते. भाषेला हात लावण्याआधी त्या कलमात कोणते निर्णय दडले आहेत ते शोधावं लागतं. हे काम कसं चालतं ते एका कलमावर पाहू.

चाकण, अंबड किंवा वाळूजच्या एखाद्या कारखान्यात नव्या ऑपरेटरला सीएनसी मशीनचं प्रशिक्षण देतात आणि त्याच्याकडून ‘बाँड’ लिहून घेतात. त्यातलं कलम साधारण असं असतं:

“सदर कर्मचाऱ्याने प्रशिक्षण पूर्ण झाल्यापासून चोवीस महिन्यांच्या आत कोणत्याही कारणास्तव कंपनीची सेवा सोडल्यास अथवा त्याची सेवा संपुष्टात आल्यास, सदर कर्मचारी प्रशिक्षण खर्चाच्या भरपाईपोटी रु. १,२०,००० इतकी रक्कम विनातक्रार अदा करण्यास बांधील राहील व सदर रक्कम त्यास देय असलेल्या कोणत्याही रकमेतून वळती करून घेण्याचा अधिकार कंपनीस राहील.”

सद्हेतूने पण घाईने केलेलं सोपं रूप मग असं उतरतं:

“तुमच्या प्रशिक्षणावर आम्ही मोठा खर्च करतो. त्यामुळे तुम्ही किमान दोन वर्षं आमच्यासोबत राहाल अशी अपेक्षा आहे. लवकर गेल्यास प्रशिक्षणाचा खर्च भरावा लागू शकतो.”

हे वाचायला छान आहे, पण कंपनीच्या हातात काहीच उरलेलं नाही. ‘अपेक्षा आहे’ म्हटल्यावर बंधन गेलं. ‘भरावा लागू शकतो’ म्हटल्यावर भरायचा की नाही ते अधांतरी राहिलं. रक्कम गेली, दोन वर्षं कधीपासून मोजायची ते गेलं. ‘लवकर गेल्यास’ म्हणजे राजीनामा की बडतर्फी, हा जुना प्रश्न तर होता तिथेच आहे.

म्हणून पहिलं काम कलम सुटं करण्याचं. कोरा कागद घ्यायचा आणि प्रत्येक बंधनासाठी लिहायचं: कोणी, काय करायचं किंवा करायचं नाही, केव्हा, किती, आणि न केल्यास काय. वरचं कलम असं मांडलं की त्यात दोन स्वतंत्र गोष्टी दिसतात. एक कर्मचाऱ्याचं पैसे देण्याचं बंधन, दुसरी कंपनीचा ते कापून घेण्याचा अधिकार. कशातच न बसणारे शब्दही लगेच ओळखू येतात. ‘सदर’ काढला तरी काही बिघडत नाही. ‘विनातक्रार’ही तसाच, कारण माणसाचा कोर्टात जाण्याचा मार्ग एका शब्दाने बंद होत नसतो.

‘भरपाईपोटी’ मात्र काढायचा नाही आणि त्याच्या जागी सोपा म्हणून ‘दंड’ही घालायचा नाही. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. कोर्ट तिच्या आत राहून वाजवी भरपाई ठरवतं. कंपनीने स्वतःच त्या रकमेला दंड म्हटलं, तर ती खर्चाशी जोडलेली होती हे पटवणं तिलाच अवघड जातं.

उलट ‘कोणत्याही रकमेतून वळती’ हे शब्द भारदस्त वाटले तरी पोकळ आहेत. पगारातून कोणत्या कारणांसाठी कपात करता येते ते कायद्याने ठरवून दिलेलं आहे, आणि भविष्यनिर्वाह निधीला मालक असा हात लावू शकत नाही. नसलेला अधिकार कागदावर लिहून मिळत नाही, फक्त वाचणारा घाबरतो.

सुटं केल्यावर प्रश्न उभे राहतात. ‘सेवा संपुष्टात आल्यास’ यात कंपनीने मंदीमुळे केलेली कपात येते का? कर्मचारी आजारपणामुळे काम करू शकला नाही तर? तेविसाव्या महिन्यात गेलेल्यालाही पूर्ण १,२०,००० रुपये द्यावे लागतील का? महिने राजीनाम्याच्या तारखेपर्यंत मोजायचे की कामाच्या शेवटच्या दिवसापर्यंत? या प्रश्नांची उत्तरं लिहिणाऱ्याने मनाने द्यायची नाहीत. ती यादी व्यवस्थापन आणि वकील यांच्यापुढे ठेवायची. मूळ कलमाचा अर्थ अजाणता बदलण्याचे सर्वाधिक प्रसंग इथेच येतात, कारण लिहिणारा भाषा सुलभ करताना एखादा पर्याय गुपचूप निवडून मोकळा होतो.

समजा, उत्तरं अशी आली: राजीनामा आणि गैरवर्तनासाठी बडतर्फी या दोन्ही वेळी भरपाई घ्यायची, बाकी कारणांसाठी नाही. रक्कम महिन्यागणिक घटत जाईल. शेवटचा दिवस धरायचा. मग कलम असं लिहिता येतं:

“प्रशिक्षणाचा खर्च आणि २४ महिन्यांची नोकरी

१. तुमच्या प्रशिक्षणासाठी कंपनीला १,२०,००० रुपये खर्च येतो. त्याचा तपशील सोबतच्या पानावर आहे.

२. प्रशिक्षण संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तुम्ही २४ महिने कंपनीत काम केले पाहिजे.

३. हे २४ महिने पूर्ण होण्याआधी तुम्ही राजीनामा दिला, किंवा गैरवर्तन सिद्ध झाल्यामुळे कंपनीने तुम्हाला बडतर्फ केले, तर तुम्हाला भरपाई द्यावी लागेल. पूर्ण न झालेल्या प्रत्येक महिन्यासाठी भरपाई ५,००० रुपये आहे. महिने तुमच्या कामाच्या शेवटच्या दिवसापर्यंत मोजले जातील.

४. इतर कोणत्याही कारणाने नोकरी संपली, तर भरपाई द्यावी लागणार नाही.

५. कायद्याने परवानगी असेल तेवढीच रक्कम कंपनी तुमच्या अखेरच्या हिशोबातून कापू शकते. उरलेली रक्कम तुम्ही शेवटच्या दिवसापासून ३० दिवसांत भरली पाहिजे.”

क्रियापदं पाहा. ‘केले पाहिजे’, ‘द्यावी लागेल’ हे बंधन. ‘कापू शकते’ हा अधिकार. ‘द्यावी लागणार नाही’ ही सूट. मराठीत ‘द्यावे’, ‘करावे’ या रूपांनी विनंतीही होते आणि आज्ञाही, म्हणून बंधनाच्या जागी ती टाळलेली बरी. तसंच एका गोष्टीला पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच शब्द हवा. निबंधात पुनरुक्ती टाळण्यासाठी आपण ‘भरपाई’च्या पुढे ‘परतावा’ लिहितो. करारात तसं केलं की या दोन वेगळ्या रकमा आहेत का, असा वाद उकरून काढता येतो.

काही शब्द मात्र कठीण वाटले तरी ठेवायचे असतात. निलंबन आणि बडतर्फी या दोन्हींसाठी ‘कामावरून दूर करणं’ लिहिलं तर अनर्थ होतो. निलंबनात नोकरी चालू असते आणि निर्वाह भत्त्याचा प्रश्न येतो, बडतर्फीने नोकरी संपते. असे शब्द बदलण्यापेक्षा ते पहिल्यांदा येतील तिथे एका वाक्यात त्यांचा अर्थ सांगावा.

आता अर्थ टिकला की नाही, हे कसं कळणार? वाचणाऱ्याला ‘समजलं का?’ विचारून उपयोग नाही, सगळे ‘हो’ म्हणतात. त्यांना एक हिशोब द्यावा. प्रशिक्षण ३१ मार्च २०२५ ला संपलं. ऑपरेटरने २० जून २०२६ ला राजीनामा दिला आणि नोटीस पूर्ण करून २० जुलैला शेवटचा दिवस भरला. त्याने किती द्यायचं? शेवटच्या दिवसापर्यंत १५ महिने पूर्ण झाले, ९ राहिले, म्हणजे ४५,००० रुपये. राजीनाम्याची तारीख धरली असती तर १४ पूर्ण, १० बाकी आणि ५०,००० रुपये झाले असते. तीन-चार ऑपरेटर, एक सुपरवायझर आणि वकील यांना वेगवेगळं बसवून हा हिशोब करायला सांगावा. सगळ्यांचं उत्तर एक आलं तर कलम पक्कं. वेगळं आलं तर वाचणाऱ्याला दोष न देता वाक्य पुन्हा लिहावं.

हाच हिशोब जुन्या कलमावरही करून पाहावा. तिथे उत्तर येतं १,२०,००० रुपये. म्हणजे नव्या कलमात अर्थ बदलला आहे, आणि तो ठरवून बदलला आहे. असा प्रत्येक बदल वेगळ्या कागदावर कारणासह नोंदवून त्यावर जबाबदार व्यक्तीची सही घ्यावी. नोंद नसलेला फरक सापडला, तर ती लिहिणाऱ्याची चूक समजून दुरुस्त करावी. पत्र इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत असेल तर हीच तपासणी दोन्हींवर करावी आणि फरक पडल्यास कोणतं धरायचं, तेही पत्रातच लिहावं.

या कामाला एक मर्यादा आहे. जे कलम कायद्यापुढे टिकत नाही ते सोप्या भाषेनेही टिकत नाही. नोकरी संपल्यानंतर दुसरीकडे काम करायला मनाई करणारी अट कितीही स्वच्छ लिहिली तरी कलम २७ आडवं येतंच. नोकरी चालू असतानाच्या आणि ठरावीक काळ टिकून राहण्याच्या अटींचं तसं नाही. २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये देण्याची अट वैध ठरवली. त्या अटीत मुदत, रक्कम आणि प्रसंग हे तिन्ही थोडक्या शब्दांत लिहिलेले होते.

जड भाषा कंपनीचं रक्षण करते, हा समज म्हणूनच सोडून द्यायला हवा. अर्थ संदिग्ध राहिला तर संशयाचा फायदा साधारणपणे कलम लिहिणाऱ्याला मिळत नाही, समोरच्याला मिळतो, आणि नेमणूकपत्र कंपनीनेच लिहिलेलं असतं. कलम कोर्टात टिकावं असं वाटत असेल, तर त्यातला हिशोब मशीनवर उभ्या असलेल्या ऑपरेटरला स्वतः मांडता आला पाहिजे.