लॉक प्रोफाइलच्या बाहेर राहिलेलं

भाचा पुण्यातल्या एका कंपनीत अर्ज करणार होता. फेसबुकवर तुझं काय काय दिसतं, असं मी विचारलं तर म्हणाला, "काही नाही मामा, प्रोफाइल लॉक आहे." तरी म्हटलं, एकदा बघू. माझ्या बायकोचं खातं त्याच्या मित्रयादीत नाही. त्या खात्यावरून शोधायला बसलो आणि अर्ध्या तासात दोन गोष्टी हाती लागल्या. गावच्या एका बातम्यांच्या पेजवर मिरवणुकीतल्या डीजेवरून झालेल्या वादात त्याने 2017 साली लिहिलेली कमेंट होती, दोन शिव्या आणि एका समाजाबद्दल अपशब्द असलेली. शिवाय मित्राच्या वाढदिवसाचा फोटो होता. मित्र तलवारीने केक कापतोय आणि मागे हा हसत उभा, वर नावानिशी टॅग केलेला. अशा केकवरून आपल्याकडे पोलीस शस्त्र कायद्याखाली गुन्हे नोंदवतात. माणसं निवडणाऱ्याने हा फोटो पाहिला तर भाचा नुसता बाजूला उभा होता, हे त्याला कोण सांगणार?

प्रोफाइल लॉक केलं की आपल्या भिंतीवरचं झाकलं जातं. पण कमेंट दुसऱ्याच्या भिंतीवर असते. ते पेज सर्वांसाठी खुलं असेल, तर आपली कमेंटही खुलीच राहते, मग आपण आपल्याकडे कितीही कुलपं लावा. फोटोचंही तसंच. तो ज्याने टाकला, त्याच्या सेटिंगप्रमाणे दिसतो. बहुतेक मुलं नेमकी इथेच चुकतात, कारण तपासताना ती स्वतःच्याच खात्यातून स्वतःकडे बघतात.

म्हणून परक्याच्या नजरेने बघायचं. ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी उघडून आपलं पूर्ण नाव अवतरणचिन्हांत टाकावं, सोबत गावाचं किंवा कॉलेजचं नाव. एकदा मराठीत, एकदा इंग्रजी स्पेलिंगने, आणि आडनावाची दोन स्पेलिंगं चालत असतील तर दोन्हींनी. फोटोंचा विभागही उघडावा. पण फेसबुकवरचं बरंचसं गूगलला दिसत नाही, त्यामुळे मित्रयादीत नसलेल्या कुणाच्या तरी खात्यातून तिथे वेगळं शोधावंच लागतं.

जुन्या कमेंट आठवून सापडत नाहीत. त्यांच्यासाठी आपल्या प्रोफाइलवरच्या तीन टिंबांत Activity log असतो. त्यात कमेंटचा विभाग उघडून वर्षाची चाळणी लावली, की आपण कुठे काय लिहिलं ते ओळीने दिसतं आणि तिथूनच काढताही येतं. भाच्याची 2016 ते 2019 ही वर्षं चाळायला एक अख्खी संध्याकाळ गेली. स्वतःच्या जुन्या खुल्या पोस्टसाठी Limit past posts हे एकच बटण पुरतं, सगळ्या पोस्ट फक्त मित्रांपुरत्या होतात. मात्र ते एका झटक्यात मागे घेता येत नाही, आणि ज्यांना टॅग केलंय त्यांना त्या पोस्ट दिसतच राहतात.

सगळंच पुसावं असं मला वाटत नाही. सरकारच्या धोरणावर टीका, पाणीप्रश्नावरची पोस्ट, नाटकाबद्दलचं परखड मत, हे माणसाचं विचार करणं आहे, ते राहू द्यावं. शिवीगाळ, धमकी, जात-धर्म-बाईमाणसावरून केलेली हेटाळणी आणि आधीच्या मालकाबद्दलची चिडचीड मात्र काढावी. इंग्लंडचा ऑली रॉबिन्सन जून 2021 मध्ये लॉर्ड्सवर न्यूझीलंडविरुद्ध पहिली कसोटी खेळत होता आणि त्याच दिवशी त्याचे 2012-13 मधले वर्णद्वेषी, स्त्रियांना हिणवणारे ट्वीट वर आले. लिहिले तेव्हा तो 18-19 वर्षांचा होता. त्याने त्याच संध्याकाळी माफी मागितली, तरी सामन्यानंतर त्याला आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निलंबित केलं गेलं.

काढलेली गोष्ट लगेच नाहीशी होत नाही, हेही लक्षात ठेवावं. मूळ पान गेल्यावरही गूगलच्या निकालात जुन्या ओळी काही दिवस दिसतात. त्या हटवण्यासाठी गूगलचं Refresh Outdated Content नावाचं साधन आहे, पण मूळ मजकूर खरोखर काढलेला किंवा बदललेला असेल तरच ते चालतं. म्हणून हे काम अर्जाच्या आदल्या रात्री न करता दोन-तीन आठवडे आधी करावं. कुणी स्क्रीनशॉट काढून ठेवला असेल, तर त्यावर इलाज नाही. मुलाखतीत विषय निघालाच तर तो मी नव्हेच म्हणू नये. तेव्हा चुकलो, असं सरळ सांगावं.

भाच्याची कमेंट पाच मिनिटांत गेली. फोटोला वेळ लागला. टॅग काढला की नाव जातं, फोटो तिथेच राहतो, चेहऱ्यासकट. तो फक्त मित्रच काढू शकत होता आणि मित्राला ते पटायला चार दिवस आणि तीन फोन लागले. तेव्हा वाचकहो, तुमच्या भिंतीवरचा एखादा फोटो काढ म्हणून कुणी जुना मित्र फोन करील, तर कारण विचारत बसू नका. त्याच दिवशी काढून टाका.