दम्याचा पंप आणि सव्वा सेंटिमीटर

मुलाला दम्यासाठी रोजचा पंप लिहून दिला की आईवडिलांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. एक, ‘याची सवय तर लागणार नाही ना?’ आणि दुसरा, ‘स्टिरॉइडने म्हणे उंची खुंटते?’ पहिल्याचं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे. दुसऱ्याचं मात्र ‘हो, थोडीशी’ असं आहे. ही ‘थोडीशी’ म्हणजे नेमकी किती, हे मोजलं गेलेलं आहे, आणि तो आकडा माहीत असेल तर भीती योग्य जागी जाऊन बसते.

अमेरिका आणि कॅनडात 1993 ते 1995 या काळात सौम्य ते मध्यम दमा असलेली 1041 मुलं एका अभ्यासासाठी निवडली गेली. वयं 5 ते 12. या अभ्यासाचं लघुनाव ‘कॅम्प’. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलांची वाटणी झाली. काहींना बुडेसोनाइड या स्टिरॉइडचा पंप, दिवसाला 400 मायक्रोग्रॅम; काहींना नेडोक्रोमिल नावाचं स्टिरॉइड नसलेलं औषध; आणि उरलेल्यांना दिसायला औषधासारखाच, पण औषध नसलेला पंप. हे चार ते सहा वर्षं चाललं. त्यानंतरही संशोधकांनी या मुलांचा माग सोडला नाही. ती सरासरी पंचविशीला पोचली तेव्हा 943 जणांची उंची पुन्हा मोजली. 2012 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: बुडेसोनाइड घेतलेल्यांची सरासरी उंची 171.1 सेंटिमीटर, नुसता पंप ओढलेल्यांची 172.3. फरक 1.2 सेंटिमीटर.

आकड्यापेक्षा तो कसा तयार झाला हे जास्त महत्त्वाचं आहे. लोकांची समजूत अशी की दरवर्षी अर्धा-पाऊण सेंटिमीटर कमी होत जाणार आणि दहा वर्षांत मूल बुटकं राहणार. तसं झालं नाही. वाढीचा वेग मंदावला तो मुख्यतः पहिल्या दोन वर्षांत, आणि तोही वयात न आलेल्या मुलांमध्ये. पुढे दोन्ही गटांतली मुलं सारख्याच वेगाने वाढली. फक्त सुरुवातीला पडलेलं अंतर भरून निघालं नाही, ते तसंच मोठेपणापर्यंत आलं. वजनाच्या मानाने ज्यांचा डोस जास्त होता, त्यांच्यात घट थोडी अधिक दिसली.

हा फरक घरी बसून कुणाला कळणार नाही. वडील 168 आणि आई 154 सेंटिमीटर असेल तर मुलाच्या उंचीचा ढोबळ अंदाज असा काढतात: दोघांची बेरीज, त्यात 13 मिळवायचे आणि दोनाने भागायचं. उत्तर येतं 167.5. मुलगी असेल तर 13 वजा करायचे. पण प्रत्यक्षातली उंची या अंदाजाच्या सात-आठ सेंटिमीटर इकडेतिकडे सहज असते. म्हणून सव्वा सेंटिमीटर शोधायला शेकडो मुलं लागतात. एका मुलाकडे बघून ‘पंपाने उंची गेली’ असं म्हणता येत नाही. दमा स्वतःही वाढ रोखतोच. आटोक्यात नसलेल्या दम्याची मुलं बऱ्याचदा उशिरा वयात येतात. तेराव्या-चौदाव्या वर्षी ती वर्गात सगळ्यांत पुढच्या रांगेत उभी असतात आणि दोष पंपाला मिळतो. त्यांची वाढ पुढे जास्त काळ चालू राहते.

त्या सव्वा सेंटिमीटरच्या बदल्यात मिळालं काय? पंप चालू असताना शंभर मुलांमागे वर्षाला इस्पितळात भरती होण्याची वेळ 4.4 ऐवजी 2.5 वेळा आली. तातडीने डॉक्टरांकडे धावण्याच्या वेळा 22 वरून 12 वर आल्या. तोंडाने घ्यायच्या स्टिरॉइडचे कोर्सही कमी लागले. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अभ्यासाच्या शेवटी या मुलांच्या फुफ्फुसांची ताकद इतरांपेक्षा वाढलेली नव्हती. पंप दमा आवरतो, मुळापासून घालवत नाही.

आता स्टिरॉइड हाडाचं नेमकं काय करतं ते पाहू. मुलांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक पातळ पट्टी असते. तिच्यातल्या पेशी विभागतात, फुगतात आणि मग त्यांच्या जागी हाड तयार होतं. उंची वाढते ती इथे. स्टिरॉइड या पेशींचं विभाजन मंदावतं. रक्तात ते जास्त प्रमाणात असेल तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून येणारं वाढीचं संप्रेरकही दबतं, आणि जे येतं त्याचा कूर्चेवर पुरेसा परिणाम होत नाही. औषध कमी झालं की पट्टी पुन्हा कामाला लागते, कधी कधी नेहमीपेक्षा जोराने. अट एकच, पट्टी अजून उघडी हवी. मुलींमध्ये ती साधारण चौदा-पंधराव्या वर्षी आणि मुलांमध्ये सोळा-सतराव्या वर्षी बंद होत येते. त्यानंतर भरपाईची संधी नसते.

म्हणजे खरा प्रश्न उरतो तो रक्तात किती स्टिरॉइड पोचतं याचा. इथेच पंप आणि गोळी यांची वाट वेगळी होते. कॉर्टिसोन 1940 च्या दशकाच्या अखेरीस औषध म्हणून वापरात आलं, आणि ते दीर्घकाळ घेणाऱ्या मुलांची वाढ थांबते हे 1956 मध्येच छापून आलं होतं. श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड आलं ते 1970 च्या दशकात, आणि ते आणण्यामागे हेच कारण होतं: औषध थेट श्वासनलिकेत द्यायचं, म्हणजे ते मायक्रोग्रॅममध्ये भागतं. गोळी मिलिग्रॅममध्ये मोजतात, आणि एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम.

एक काल्पनिक, पण बालरोगतज्ज्ञांना ओळखीचं वाटेल असं उदाहरण घेऊ. आठ वर्षांचा मुलगा, वजन 23 किलो, उंची 124 सेंटिमीटर. बुडेसोनाइडचा पंप लिहून दिलेला आहे, 200 मायक्रोग्रॅम सकाळ-संध्याकाळ. वर्षभराने उंची भरते 127.4 आणि वजन 28 किलो. या वयात वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढ अपेक्षित असते. ही झाली 3.4. वजन मात्र भराभर वाढलं आहे, गाल गुबगुबीत झाले आहेत. नुसत्या खाण्याने जाड होणारी मुलं त्या वयाच्या मानाने उंचही असतात. वजन वर आणि उंची थबकलेली, अशी जोडी दिसली की स्टिरॉइडची आठवण यायला हवी.

घरच्यांचा संशय पंपावर. पण खोदून विचारल्यावर कळतं की पंप रोज दिलाच जात नाही. ‘सवय लागेल’ म्हणून तो खोकला उसळला की चार दिवस, मग कपाटात. हिशेब केला तर वर्षभरात फार तर 70 मिलिग्रॅम बुडेसोनाइड वापरलं गेलं. स्पेसर घेतलेला नाही, त्यामुळे त्यातलंही बरंच घशात बसलं आणि गिळलं गेलं. गिळलेल्या बुडेसोनाइडचा सुमारे नव्वद टक्के भाग यकृत पहिल्याच फेरीत निकामी करतं. दमा आवरलेला नसल्यामुळे वर्षात सहा वेळा जोराची धाप लागली. पहिल्या वेळी डॉक्टरांनी प्रेडनिसोलोनच्या 20 मिलिग्रॅमच्या गोळ्या लिहून दिल्या. मुलांना हा कोर्स एरवी तीन ते पाच दिवसांचा असतो. पुढच्या पाच वेळा तीच चिठ्ठी केमिस्टला दाखवून गोळ्या आणल्या गेल्या, आणि ‘पूर्ण बरं वाटेपर्यंत’ दहा-दहा दिवस चालल्या. सहा गुणिले दहा गुणिले वीस, म्हणजे 1200 मिलिग्रॅम. आणि प्रेडनिसोलोन पोटातून जवळजवळ सगळं रक्तात जातं. वजनाला वजन बुडेसोनाइड जास्त जहाल असतं, तेव्हा 70 आणि 1200 ची थेट तुलना करता येत नाही. पण पारडं कुठे झुकतंय ते स्पष्ट आहे. ज्या पंपाच्या भीतीने तो टाळला, तो नीट चालू असता तर यातल्या बहुतेक गोळ्या लागल्याच नसत्या.

अशा मुलाचा उपाय पंप बंद करणं हा नसून तो रोज, स्पेसर लावून, नंतर चूळ भरून द्यायला लागणं हा आहे. घरातली डासांची कॉइल आणि ओल आलेली भिंत यांच्याकडेही बघावं लागतं. दमा सलग तीन महिने शांत राहिला की डॉक्टर डोस एक पायरी खाली आणतात, आणि तसाच शांत राहिला तर आणखी कमी करतात. ज्यात दमा आवरतो तो सर्वांत कमी डोस शोधायचा असतो. पालकांनी विचारण्यासारखा प्रश्न हाच आहे, ‘आता कमी करून बघता येईल का?’ तो बऱ्याचदा विचारला जात नाही आणि जुनाच डोस वर्षानुवर्षं चालू राहतो. सर्दीसाठी नाकात मारायचा स्प्रे आणि खरजेचं मलम यांतही स्टिरॉइड असू शकतं. तीन वेगळ्या डॉक्टरांनी दिलेली ही तीन औषधं एकाने तरी एकत्र बघायला हवीत.

दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघ मारून वाढ कळत नाही, कारण दोन-तीन सेंटिमीटरची चूक तिथेच होते. मूल अनवाणी, टाचा आणि पाठ भिंतीला टेकलेली, नजर सरळ समोर, डोक्यावर काटकोनात सपाट पट्टी. वेळ दर वेळी तीच ठेवायची, कारण सकाळपेक्षा संध्याकाळी उंची जवळपास सेंटिमीटरभर कमी भरते. दोन मापांत सहा महिन्यांचं अंतर असावं. महिन्या-महिन्याला मोजलं तर हाताशी चुकाच लागतात. पंप सुरू करायच्या दिवशीचं माप सर्वांत मोलाचं, आणि नेमकं तेच अनेक फायलींत नसतं. वर्षाची वाढ चार सेंटिमीटरच्या खाली गेली तर फक्त स्टिरॉइडकडे बोट दाखवून थांबू नये. थायरॉइड किंवा गव्हाची अ‍ॅलर्जी समजली जाणारी सिलिअ‍ॅक यांसारखी कारणंही तपासावी लागतात.

दम्यावर ‘हमखास’ म्हणून मिळणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या पुड्या यांहून वाईट. दोन तासांत धाप बसवणाऱ्या अशा चूर्णांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं असल्याचं तपासण्यांत वारंवार आढळलं आहे. त्यात डेक्सामेथासोन असेल तर त्याचं पाऊण मिलिग्रॅम म्हणजे पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, आणि ते शरीरात जास्त काळ रेंगाळतं. ते किती आणि किती दिवस गेलं हे कुणालाच सांगता येत नाही.

मात्र अशी पुडी, किंवा बरेच दिवस चाललेली गोळी, हे वाचून उद्याच बंद करायची नाही. बाहेरून स्टिरॉइड येत राहिलं की मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी आपलं काम थांबवतात. एकदम औषध तोडलं आणि त्यात ताप-उलट्या झाल्या, तर मूल मलूल पडतं, साखर आणि रक्तदाब उतरतो, जिवावर बेतू शकतं. पुडी, गोळ्यांची पाकिटं, पंप, स्प्रे, मलम, सगळं एका पिशवीत घालून बालरोगतज्ज्ञांसमोर ठेवायचं. डोस टप्प्याटप्प्याने उतरवण्याचं वेळापत्रक ते लिहून देतात, आणि त्या काळात ताप आला तर काय करायचं हेही.