नवी ऊसनोंद : चिटबॉयना पाठवलेले पत्र


आपल्या उसाची नोंद आता शेतातच मोबाईलवर होणार आहे. त्यासंबंधी शेती खात्याच्या कर्मचाऱ्यांना जाणाऱ्या ईमेलचा पहिला मसुदा असा होता : "अद्ययावत संगणक प्रणाली कार्यान्वित होत असून संबंधितांनी प्रशिक्षणाचा लाभ घ्यावा. अडचण आल्यास संगणक विभागाशी संपर्क साधावा." आता यातून कराड किंवा वाळवे गटातल्या चिटबॉयला काय कळणार? कधी, कुठे जायचे, हेच त्यात नाही.

आम्ही तो नव्याने लिहिला. आरंभी त्याच्या कामातला फायदा : "डायरीतली नोंद गट ऑफिसात पुन्हा उतरवावी लागणार नाही." उतरवताना जुलैची आडसाली लागण ऑगस्टात गेली, की तोडीची पाळी मागे पडते आणि नुकसान सभासदाचे.

मग प्रशिक्षण : "कराड गट सोमवारी, वाळवे गट मंगळवारी, सकाळी १० वाजता, आपापल्या गट ऑफिसात. मोबाईल चार्ज करून आणा." वारापुढे तारीखही घातली, कारण नुसता 'पुढचा सोमवार' दोघे दोन तऱ्हेने वाचतात.

अडचणीचे मात्र सविस्तर लिहिले : "ॲप अडले तर आधी गट क्लार्कला विचारा. त्याच्याने झाले नाही तर संगणक विभागाला फोन करा. नंबर खाली आहे. रेंज नसेल तर नोंद डायरीत घ्या, सभासदाची सही घ्या आणि त्याच संध्याकाळी ॲपमध्ये भरा." डोंगराकडेच्या शिवारात हे रोजचेच.

पाठवण्यापूर्वी एका चिटबॉयला वाचायला दिले. तो म्हणाला, "साहेब, जुन्या नोंदींचं काय?" म्हणून शेवटी एक ओळ वाढवली : "झालेल्या नोंदी ॲपमध्ये आहेत, गट नंबर व लागण तारीख तेवढी सभासदासमक्ष ताडून पाहा."