धूर हेच इंधन

खोलीच्या कोपऱ्यातला सोफा पेटला, तर पहिली काही मिनिटं ज्वाळा सोफ्यापुरत्याच राहतात. धूर मात्र तेवढ्यात खोलीभर झालेला असतो. ज्वाळेला पुढे सरकायचं तर शेजारची वस्तू आधी तापून तिच्यातून जळाऊ वायू सुटावे लागतात. धुराला अशी वाट पाहावी लागत नाही. गरम वायू वर चढताना भोवतालची हवा ओढून घेतात आणि धुराचा लोट फुगत जातो. तो छताला आपटतो, भिंतींपर्यंत पसरतो आणि मग थर बनून खाली उतरतो.

हा थर म्हणजे नुसती काजळी नव्हे. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, फोम, लाकूड आणि प्लास्टिकमधून सुटलेले, अजून न जळलेले वायू असतात. थराचं तापमान ५०० ते ६०० अंश सेल्सिअसवर गेलं की त्याची धग खाली इतकी पडते की ज्वाळेचा स्पर्शही न झालेलं टेबल आणि गालिचा वायू सोडू लागतात. काही सेकंदांत सगळी खोली एकदम पेटते. हा फ्लॅशओव्हर.

त्यासाठी हवा मिळत राहावी लागते. दारं-खिडक्या घट्ट बंद असतील तर प्राणवायू कमी पडून ज्वाळा मंदावतात, पण धग कायम राहते आणि जळाऊ वायू साचत जातात. बाहेरून पाहणाऱ्याला आग विझत आल्यासारखी वाटते, आणि खरा धोका इथेच आहे.

न्यूयॉर्कच्या वॉट्स स्ट्रीटवर २८ मार्च १९९४ रोजी नेमकं हेच झालं. गॅसच्या शेगडीवर ठेवलेली कचऱ्याची प्लास्टिकची पिशवी पेटली. घरात कोणी नव्हतं. ऊर्जा वाचवण्यासाठी घराच्या फटी बुजवलेल्या होत्या, त्यामुळे आग तासाभराहून अधिक काळ हवेविना धुमसत राहिली. अग्निशमन दलाने दार फोडलं तेव्हा आधी कोमट हवेचा झोत बाहेर आला, मग बाहेरची हवा जोरात आत ओढली गेली आणि लगोलग दारातून ज्वाळा उसळून जिन्याने वर गेली. हा बॅकड्राफ्ट. जिन्यात वरच्या बाजूला असलेल्या तीन जवानांचा त्यात बळी गेला.

ज्वाळा सुमारे साडेसहा मिनिटं टिकली. एवढा वेळ पुरेल इतकं इंधन आलं कुठून, याचा हिशेब अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके संस्थेतल्या रिचर्ड बुकोव्स्की यांनी संगणकावर मांडला. आग हवेविना धुमसत असताना साठलेले न जळलेले वायू तेवढ्या ज्वाळेला पुरेसे होते, असं त्यातून दिसलं.

अशा बंद खोलीच्या खुणा बाहेरून ओळखता येतात. खिडकीची काच आतून काळवंडून तेलकट डागांनी भरते आणि हाताला गरम लागते. ज्वाळा दिसत नाही, पण दाराच्या फटीतून धूर श्वास घेतल्यासारखा बाहेर येतो आणि पुन्हा आत खेचला जातो. असं दार दिसलं तर जवान ते थेट उघडत नाहीत. शक्य असेल तिथे आधी खोलीच्या सगळ्यात उंच भागातून गरम वायूंना वाट करून देतात आणि पाण्याचा मारा तयार ठेवूनच दाराला हात लावतात.